मदरबोर्डची पाठ कशी वाचायची

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले एक मालक ऐन उन्हाळ्यात माझ्याकडे एक कोटेशन घेऊन आले. डिझाइनच्या खोलीत नवा कॉम्प्युटर बसवायचा होता. कागदावर होतं: कोअर आय३ १२१००एफ प्रोसेसर, एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी आणि कॅबिनेट. "दर बरोबर हाय का तेवढं बघा ओ," म्हणाले.

दर बरोबरच होता. पण तो कॉम्प्युटर तसाच जोडला असता तर पडद्यावर काहीही उमटलं नसतं. शिवाय टेबलावरच्या सात यूएसबी वायरींपैकी तीन लोंबकळत राहिल्या असत्या. हे दोन्ही दोष नुसता दर बघून दिसत नाहीत. ते कळतात मदरबोर्डची पाठ, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या बाजूने बाहेर डोकावणारी ती पोर्टची पट्टी, वाचायला बसलं की. ती पट्टी विकत घेण्याआधी कशी वाचायची, ते याच कॉम्प्युटरचं उदाहरण घेऊन सांगतो.

आधी टेबल मोजा, मग बोर्ड

बोर्डाचा फोटो बघायच्या आधी मी मालकांच्या डिझाइन खोलीत जाऊन बसलो आणि जुन्या कॉम्प्युटरला काय काय लागलंय ते वहीत लिहून काढलं. लिहिताना दोन रकाने पाडायचे. एकात कायम लागून राहणाऱ्या वायरी, दुसऱ्यात येऊन-जाऊन असणाऱ्या.

कायमच्या सात निघाल्या: कीबोर्ड, माउस, डिझाइनचं सॉफ्टवेअर ज्याच्याशिवाय चालत नाही तो डोंगल, कापडाचे नमुने घेण्याचा स्कॅनर, लेझर प्रिंटर, बारकोडची लेबलं छापणारा छोटा प्रिंटर आणि वेबकॅम. येऊन-जाऊन असणाऱ्या तीन: जकार्डच्या कंट्रोलरला डिझाइन न्यायचा पेन ड्राइव्ह, बॅकअपची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि जीएसटी भरताना सीए साहेबांचा माणूस लावतो तो डिजिटल सहीचा टोकन.

पडदे तीन हवे होते. एक नवा २४ इंची मॉनिटर, एक जुना १९ इंची आणि गिऱ्हाईक बसतं त्या बाजूला भिंतीवर एक टीव्ही, म्हणजे डिझाइन दाखवायला डिझायनरच्या खांद्यावरून वाकायला नको. जुन्या मॉनिटरच्या मागे हात घालून बघितलं तर फक्त व्हीजीए. हे हात घालून बघणं महत्त्वाचं. मालकांना विचारलं असतं तर "असेल की एचडीएमआय" असंच उत्तर मिळालं असतं. आवाजासाठी दोन छोटे स्पीकर आणि परदेशातल्या खरेदीदाराशी बोलायला एक हेडफोन.

म्हणजे यूएसबी सात अधिक तीन, पडदे तीन, आवाज दोन. हे आकडे हातात घेऊनच बोर्डाकडे जायचं.

पाठीची यादी कुठे मिळते

नवी पेठेतल्या काउंटरवर बोर्डाचं खोकं उलटं करून बघितलं तर मागे पोर्टचं चित्र सहसा असतंच. पण खात्रीची जागा म्हणजे बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं स्पेसिफिकेशनचं पान. मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायचं. एकाच नावाच्या पुढे एखादं अक्षर कमी-जास्त झालं की पाठीवरचे पोर्टही बदलतात. दुकानात "तोच आहे ओ, फक्त डी४ वाला" असं म्हणतात, तेव्हा तो "तोच" नसतो असं धरून चाला.

जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड कुठला आहे हे कॅबिनेट न उघडता बघायचं असेल, तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ही एक ओळ पुरते:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select-Object Manufacturer, Product
```

स्पेसिफिकेशनच्या त्या पानावर पाठीच्या पोर्टची यादी अशी काहीतरी दिसते. मालकांसाठी शेवटी जो बोर्ड घेतला, त्याची यादी हीच:

```
Back Panel I/O
1 x PS/2 keyboard/mouse
1 x HDMI
1 x DisplayPort
1 x D-Sub
2 x USB 3.2 Gen 1 Type-A
4 x USB 2.0 Type-A
1 x RJ-45
3 x Audio jacks
```

यात D-Sub म्हणजे आपलं व्हीजीएच, निळं, पंधरा भोकांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं. RJ-45 म्हणजे इंटरनेटची लॅन वायर. वाय-फाय असलेल्या बोर्डावर सोनेरी आट्यांची दोन नळकांडी दिसतात, ती अँटेनासाठी असतात. एका गिऱ्हाइकाने त्यात डिशची केबल लावून बघितली होती, म्हणून सांगून ठेवतो.

यूएसबी: खोक्यावरचा मोठा आकडा आणि मागचा छोटा आकडा

कोटेशनमधल्या बोर्डाच्या जाहिरातीत "८ यूएसबी पोर्ट" असं लिहिलेलं होतं. आकडा खोटा नव्हता. पण त्यातले पाठीवर फक्त चार. उरलेले चार म्हणजे बोर्डाच्या आतल्या पिना. त्यांना कॅबिनेटच्या पुढच्या भागाची वायर जोडली, तरच त्यांचे पोर्ट होतात. तुमच्या कॅबिनेटला पुढे दोनच पोर्ट असतील, तर त्या चारातले दोन तुमच्या कधीच उपयोगाला येणार नाहीत. म्हणून बेरीज वाचायची नाही, फक्त पाठीची ओळ वाचायची.

माझा हिशेब साधा आहे. कायमच्या वायरी मागे, येऊन-जाऊन असणाऱ्या पुढे. सात कायमच्या आणि मागे चार, म्हणजे तीन कमी. हा बोर्ड तिथेच बाद झाला. वर यादी दिलेला दुसरा बोर्ड घेतला तर मागे सहा, म्हणजे एक कमी. एक कमी असेल तर तोड निघते, तीन कमी असतील तर मग हबची लेंढारं सुरू होतात.

एकाची तोड अशी निघाली. लेझर प्रिंटरला मागे लॅनचं पोर्ट होतं, कोणी कधी वापरलं नव्हतं. तो राउटरला जोडला. सहाला सहा बसले. पण मागे एकही पोर्ट मोकळं न ठेवता कॉम्प्युटर देणं मला पटत नाही. यादीतली पहिली ओळ बघा, PS/2. अर्धं जांभळं, अर्धं हिरवं असं ते गोल भोक. जुन्या कॉम्प्युटरचा गोल पिनचा कीबोर्ड अजून ठणठणीत होता, तो तिथे गेला आणि एक यूएसबी सुटली. एक पथ्य मात्र आहे: हा कीबोर्ड कॉम्प्युटर बंद असतानाच लावायचा. चालू असताना निघाला आणि पुन्हा घातला तर रीस्टार्ट केल्याशिवाय तो सहसा ओळखला जात नाही.

आता कुठल्या भोकात काय. काळे किंवा पांढरे पोर्ट बहुधा यूएसबी २.०, वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. निळे बहुधा ३.०, म्हणजे ५ गिगाबिट. हिरवट-निळे किंवा लाल बऱ्याचदा १० गिगाबिटचे. "बहुधा" अशासाठी, की रंगाची सक्ती नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनाप्रमाणे रंगवते. खात्री यादीतूनच करायची. आणि यादीतल्या नावांनी गोंधळू नका. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच ५ गिगाबिटच्या वेगाची तीन बारशी आहेत. १० गिगाबिट हवं असेल तर "जेन २" हे शब्द शोधा.

पण वेगवान पोर्ट हवेत तरी किती? माउस, डोंगल, बारकोड प्रिंटर, वेबकॅम आणि मालकांचा तो स्कॅनर, सगळ्यांना २.०चा वेग पुरतो. निळं पोर्ट खरं लागतं ते बॅकअपच्या हार्ड डिस्कला. वेगासाठी तर लागतंच, पण विजेसाठीही. २.०चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, ३.०चं ९००. डिस्क लावल्यावर टकटक आवाज येऊन ती दिसत-नाहीशी होत असेल, तर आधी पोर्ट आणि वायर बदलून बघा, डिस्क गेली असं लगेच धरू नका. म्हणजे पाच कायमच्या वायरींना चार काळे आणि एक निळं, आणि दुसरं निळं डिस्कसाठी मोकळं. यापेक्षा महागाचे पोर्ट असलेला बोर्ड मालकांना विकता आला असता, पण त्यांच्या टेबलावर त्या वेगाची एकही वस्तू नव्हती.

बिनवायरचा माउस असेल तर त्याचा इवलासा रिसीव्हर निळ्या पोर्टाच्या अगदी शेजारी लावू नका. ३.०च्या पोर्टात डिस्क चालू असताना त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि माउस त्याच पट्ट्यात बोलतो. बॅकअप सुरू झाला की माउस अडखळतो आणि बॅकअप संपला की सुधारतो, ही त्याची खूण.

डोंगलचं एक वेगळं. काही डोंगल इतके जाड असतात, की शेजारचं किंवा वरचं पोर्ट झाकून टाकतात. फोटोत सहा पोर्ट दिसतात आणि प्रत्यक्षात पाचच वापरता येतात. वीतभर लांबीची एक्स्टेन्शन वायर घेतली की प्रश्न मिटतो. आणि डोंगल पुढच्या पोर्टात कधीच नको. मी सुरुवातीच्या काळात एकाला पुढे लावून दिला होता. झाडू मारताना धक्का लागला, डोंगल वाकला, आणि नवा येईपर्यंत त्यांचं डिझाइनचं काम आठवडाभर ठप्प होतं. ते माझ्याकडे त्यानंतर आले नाहीत.

पुढच्या पोर्टांचा हिशेबही आताच करून घ्यायचा. कॅबिनेटमधून येणाऱ्या यूएसबी २.०च्या वायरीला बोर्डावर नऊ पिनांची जागा लागते, ३.०च्या जाड वायरीला एकोणीस पिनांची, आणि पुढे टाइप-सी असेल तर तिसऱ्याच आकाराची. स्वस्त बोर्डांवर ही तिसरी जागा बहुतेक वेळा नसतेच. मग कॅबिनेटवर टाइप-सीचं भोक झळकत राहतं आणि आत त्याची वायर तशीच गुंडाळून ठेवलेली असते. मालकांच्या कॅबिनेटला पुढे एक निळं आणि दोन काळे होते, बोर्डावर नऊ आणि एकोणीस दोन्ही पिना होत्या. पेन ड्राइव्ह आणि सहीचा टोकन पुढे गेले.

पडदे: भोक आहे म्हणून चित्र येईल असं नाही

मदरबोर्डवरचं एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट किंवा व्हीजीए ही नुसती दारं आहेत. चित्र तयार होतं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागात. प्रोसेसरमध्ये तो भाग नसेल तर बोर्डावर चार दारं असोत की एक, चारही बंद.

इंटेलच्या नावात शेवटी "एफ" असेल, तर तो भाग चालू नाही असं समजायचं. १२१००एफमध्ये ग्राफिक्स नाही, नुसत्या १२१००मध्ये आहे. एएमडीत रायझन ५ ५६००मध्ये नाही, ५६००जीमध्ये आहे. रायझन ७००० मालिकेत बहुतेकांत थोडंफार ग्राफिक्स आहे, पण तिथेही "एफ" लागला की नाही. एफ थोडा स्वस्त मिळतो, म्हणून कोटेशनमध्ये घुसतो. गेमिंगवाला वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणारच असतो, त्याला तो चालतो. मालकांच्या कागदावर कार्डच नव्हतं. हा एक "एफ" खोडला आणि अर्धं काम झालं.

त्यानंतर दुसरा प्रश्न: दारं किती आणि एका वेळी चालणारे पडदे किती? हे दोन आकडे वेगळे असू शकतात. काही बोर्डांवर तीन दारं असूनही एका वेळी दोनच पडदे चालतात. बोर्डाच्या पानावर ग्राफिक्सच्या भागात ते लिहिलेलं असतं. या जोडीत नुसत्या १२१००मधलं ग्राफिक्स चार पडद्यांपर्यंत जातं आणि एच६१० चिपसेट तीनपर्यंत, म्हणून आकडा तीन. आपल्याला तीनच हवे होते. चौथा लागला असता तर हा बोर्ड पुरला नसता.

मग जोड्या लावायच्या. जुन्या मॉनिटरला व्हीजीएशिवाय पर्याय नव्हता, म्हणून व्हीजीए त्याला. टीव्हीला डिस्प्लेपोर्ट सहसा नसतं, म्हणून एचडीएमआय टीव्हीला. नव्या मॉनिटरला दोन्ही होती, त्याला डिस्प्लेपोर्ट. सर्वांत हट्टी पडद्याला आधी जागा द्या, समजूतदाराला शेवटी. हे उलट्या क्रमाने केलं की कन्व्हर्टर विकत घ्यावे लागतात.

कन्व्हर्टरची दिशा हीसुद्धा फसवणारी गोष्ट आहे. बोर्डावर डिस्प्लेपोर्ट आणि पडद्याला एचडीएमआय असेल तर साधी स्वस्त केबल बहुतेक वेळा चालते. उलट, बोर्डावर एचडीएमआय आणि पडद्याला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल तर ती केबल चालत नाही, आत चिप असलेला आणि बहुधा वेगळी वीज लागणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. दुकानात दोन्ही केबली सारख्याच दिसतात. एचडीएमआयवरून व्हीजीए काढायलाही चिपवालाच कन्व्हर्टर लागतो, नुसती वायर नाही. भोकं ओळखायची तर एचडीएमआयचे खालचे दोन्ही कोपरे तिरके असतात, डिस्प्लेपोर्टचा एकच कोपरा कापलेला असतो.

टीव्ही फोरके असेल तर एचडीएमआयच्या ओळीपुढचा आकडाही वाचा. तिथे "4096x2160@30Hz" असं लिहिलेलं असेल, तर त्या दारातून फोरके चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलेल. स्थिर डिझाइन दाखवायला चालतं, पण त्या पडद्यावर माउस फिरवला की तो ओढत नेल्यासारखा वाटतो. "60Hz" असेल तर ती अडचण नाही. मालकांचा टीव्ही फुल एचडी होता, त्यामुळे आम्ही पुढे गेलो.

मागे टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणून त्यातून पडदा चालेल असं धरू नका. लॅपटॉपमुळे ही सवय लागलीय. मदरबोर्डवरचं टाइप-सी बहुतेक वेळा फक्त डेटासाठी असतं. शेजारी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह असेल आणि यादीतही तसं लिहिलेलं असेल, तरच ते पडद्यासाठी मोजायचं.

आणि पुढेमागे कार्ड बसवलंच तर पडद्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायची. कार्ड लागलं की बरेच बोर्ड आपली दारं आपोआप बंद करतात. मॉनिटरची वायर जुन्या सवयीने बोर्डाला लावायची आणि "कार्ड खराब निघालं" म्हणून परत आणायचं, हे महिन्यातून एकदा तरी माझ्याकडे होतं. कार्डाची दारं मागच्या बाजूला खाली, आडव्या पट्टीत असतात, वायर तिथे लावायची. बोर्डाची दारंही सोबत चालवायची असतील तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, `iGPU Multi-Monitor` किंवा `IGD Multi-Monitor` अशा नावाचा पर्याय चालू करावा लागतो. नव्या कार्डांवर व्हीजीए नसतं, त्यामुळे जुना मॉनिटर ठेवणाऱ्याला हा पर्याय कामाला येतो. एफ प्रोसेसरवर अर्थात त्याचा काही उपयोग नाही.

आवाज: तीन भोकं, आणि हेडफोनची मेख

हिरवं स्पीकरला, गुलाबी माइकला, फिकट निळं बाहेरून आवाज आत घ्यायला. दोन स्पीकरांच्या घरात किंवा ऑफिसात निळ्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. मागे पाच भोकं आणि एक चौकोनी ऑप्टिकल पोर्ट असलेले बोर्ड सराउंड स्पीकरवाल्यांसाठी. तुमच्याकडे ते नसतील तर त्यासाठी पैसे देऊ नका.

मेख आहे ती मोबाइलच्या हेडफोनची. त्याच्या एकाच पिनेवर तीन काळ्या रेषा असतात, म्हणजे चार भाग: दोन कानांचे दोन, माइकचा एक, एक समाईक. बोर्डाच्या मागे मात्र ऐकायचं आणि बोलायचं भोक वेगवेगळं. ती पिन हिरव्यात घातली तर ऐकू येतं, पण समोरच्याला तुमचा आवाज जात नाही. गुलाबीत घातली तर ऐकूही येत नाही. त्यासाठी एका टोकाला एक भोक आणि दुसऱ्या टोकाला हिरवी-गुलाबी अशा दोन पिना असलेला स्प्लिटर मिळतो. त्याच्या उलटाही एक स्प्लिटर असतो, दोन भोकं आणि एक पिन. घेताना हातात धरून बघा.

मालक म्हणाले, "यूएसबीचा हेडफोनच घेऊ की, भानगड नको." चाललं असतं. पण मग आवाजाच्या रकान्यातली एक वायर यूएसबीच्या रकान्यात गेली असती, आणि कीबोर्ड हलवून वाचवलेलं ते एक निळं पोर्ट पुन्हा भरलं असतं. स्प्लिटर घेतला. स्पीकर मागच्या हिरव्यात आणि हेडफोन स्प्लिटरने कॅबिनेटच्या पुढच्या दोन भोकांत. पुढची भोकं चालायला कॅबिनेटची आवाजाची वायर बोर्डावरच्या तिच्या पिनांवर बसलेली लागते. ती विसरली की पुढची दोन्ही भोकं मुकी राहतात.

टीव्ही जोडल्यावर आणखी एक गंमत होते. एचडीएमआयमधून आवाजही जातो, त्यामुळे विंडोज कधी कधी आपणहून टीव्हीलाच मुख्य स्पीकर ठरवतो. स्पीकर अचानक गप्प झाले, तर वायरी उपसण्याआधी खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठे चाललाय ते बघा. मालकांचा पहिला फोन यासाठीच आला होता, बसवून दिल्याच्या दुसऱ्या दिवशी.

दुकानातून उठण्याआधी

जोडणी झाल्यावर कॅबिनेटची बाजू बंद करायच्या आधी एक पेन ड्राइव्ह घेऊन मागचं-पुढचं प्रत्येक यूएसबी पोर्ट तपासायचं. एखादं पोर्ट जिवंत नसेल तर तीन ठिकाणी बघा. पुढचं असेल तर आतली वायर बसलीय का, पिन वाकलीय का. मागचं असेल तर पोर्टभोवतीच्या पत्र्याच्या पट्टीची एखादी जीभ वाकून भोकात शिरलीय का. स्वस्त बोर्डांसोबत ही पट्टी सुटी येते, बोर्डाच्या आधी कॅबिनेटला बसवायची असते, आणि घाईत बसवली की तिची जीभ नेमकी लॅन नाहीतर यूएसबीच्या भोकात जाते. एवढं करून पोर्ट चालत नसेल तर बोर्ड तिथल्या तिथे बदलून मागायचा.

मालकांच्या कॉम्प्युटरमागे मी टेपच्या चिठ्ठ्या चिकटवल्या: डोंगल, स्कॅनर, लेबल, कॅमेरा, माउस. सहाव्या पोर्टावर "बॅकअप, दुसरं काही लावू नये" असं लिहिलं. परवा यूपीएसची बॅटरी बदलायला गेलो, तेव्हा त्यात मोबाइलची चार्जिंगची वायर होती.